भाडेपट्टा दोघांच्या संमतीने संपवला, तरी वर्षभरात भांडण परत उठतं: सरेंडर दस्तात नेमकं काय राहून जातं

आपल्याकडे जळगाव धुळ्याला हा प्रॉब्लेम मी दरवर्षी तीन-चारदा तरी बघतो. गोडाऊन, शेड, शोरूम असं काहीतरी पाच-नऊ वर्षांच्या रजिस्टर भाडेपट्ट्याने दिलेलं असतं, मधेच दोघांना वाटतं की आता पुरे, भांडण नाही काही नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून नोटरी करून घेतात, चहा पितात, हात मिळवतात, आणि आठ-दहा महिन्यांनी कोणीतरी एकाला नोटीस येते. मग दोघंही म्हणतात की आमचं तर सगळं मिटलं होतं. मिटलं होतं हे खरं, पण कागदावर मिटलेलं नव्हतं.

एक पूर्ण प्रकरण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका एकाच ठिकाणी होत्या. नावं घेत नाही, मालकाला आप्पा म्हणतो आणि भाडेकरूला व्यापारी.

चोपडा तालुक्यात रोडला लागून आप्पांचं एनए झालेल्या जागेत पत्र्याचं मोठं शेड. कापूस खरेदीवाल्या एका फर्मला १ एप्रिल २०२१ पासून नऊ वर्षांसाठी दिलं, रजिस्टर भाडेपट्टा, भाडं महिन्याला ३०,०००, डिपॉझिट ३ लाख, पहिली पाच वर्षं लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ मधेच सोडायचं नाही. व्यापाऱ्याने तिथे स्वतःच्या खर्चाने खड्डा घेऊन वजनकाटा बसवला आणि आप्पांच्या लेखी परवानगीने समोरची एक खोली खत-बियाण्याच्या दुकानदाराला पोटभाड्याने दिली. २०२४ च्या शेवटी व्यापाऱ्याला धंदा धुळ्याला हलवायचा होता, आप्पांनाही जागा मुलासाठी पाहिजे होती. ३१ डिसेंबरला कागद झाला. कागदात एवढंच, की "आम्ही दोघांनी राजीखुशीने भाडेकरार आजपासून रद्द केला आहे, आमचं एकमेकांकडे काही येणं-देणं नाही." आप्पांनी त्या दिवशी दीड लाख परत केले, बाकीचं "हिशोब करून देऊ" असं तोंडी. कापसाच्या गाठी पडून होत्या म्हणून किल्ल्या प्रत्यक्षात २० जानेवारी २०२५ ला दिल्या.

ऑक्टोबरमध्ये आप्पांच्या मुलाने त्याच जागेवर बँकेचं कर्ज मागितलं. बँकेच्या वकिलाने निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा सर्च काढला आणि सांगितलं की या जागेवर ३१ मार्च २०३० पर्यंतचा भाडेपट्टा चालू दिसतोय, कर्ज होणार नाही. आप्पा कागद घेऊन माझ्याकडे आले, म्हणे "कागद ते शे ना मनाजोडे!" कागद होता, पण तो रजिस्टर नव्हता.

पहिले हे तपासा: तुमचा भाडेपट्टा रजिस्टर होता का, आणि सोडल्याचा कागद रजिस्टर आहे का

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा कशाकशाने संपतो ते दिलेलं आहे, त्यातच परस्पर संमतीने पट्टेदाराने आपला हक्क मालकाला परत देणं हे आहे, म्हणजे आपण ज्याला सरेंडर किंवा समर्पण म्हणतो ते. त्यापुढे गर्भित समर्पणही आहे, म्हणजे कागद नसला तरी दोघांच्या वागण्यावरून दिसतं की पट्टा सोडला. किल्ल्या दिल्या, मालकाने घेतल्या, जागा वापरायला लागला, तर कोर्ट बहुतेक असंच धरतं. त्यामुळे आप्पांचा पट्टा कायद्याने जिवंत होता असं मी म्हणणार नाही, २० जानेवारीलाच तो संपला असं म्हणायला चांगली जागा होती. पण ते कोर्टात साक्षीपुराव्याने सिद्ध करायचं, आणि बँकेचा वकील साक्षीपुरावे ऐकत बसत नाही, तो इंडेक्स दोन बघतो, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा.

लिहिलेला सरेंडर कागद हा स्थावर मिळकतीतला हक्क संपवणारा कागद असतो, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे असा कागद रजिस्टर करावा लागतो. नाही केला तर हक्क संपल्याचा पुरावा म्हणून तो चालत नाही, ताबा कधी दिला वगैरे आजूबाजूच्या गोष्टींसाठी फारतर कामी येतो. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे हे मी इतक्यांदा सांगतो, तरी लोक नोटरी झाली की निर्धास्त होतात.

मग आप्पांनी विचारलं की हाच कागद आता रजिस्टर करून टाकू. नाही होत. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद दुय्यम निबंधकाकडे सादर करायचा असतो, त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून उशीर माफ होऊ शकतो, ३१ डिसेंबरपासून मोजलं तर ऑगस्टअखेर तीही मुदत गेली होती. आणि कृपा करून जुनी तारीख टाकून नवीन कागद बनवू नका. नवीन दस्त आजच्या तारखेचाच करायचा आणि जुनी हकीकत त्यात खरी खरी लिहायची. आम्ही असं लिहिलं: पट्टेदाराने २० जानेवारी २०२५ रोजी मिळकतीचा रिकामा व शांततामय ताबा मालकाला दिला आणि मालकाने तो घेतला, त्या दिवसापासून भाडं देण्याची जबाबदारी संपली हे दोघांना मान्य आहे, आणि त्या पट्ट्याखाली पट्टेदाराचा जो काही हक्क कागदोपत्री शिल्लक असेल तो पट्टेदार या दस्ताने मालकाला समर्पण करत आहे व मालक स्वीकारत आहे.

या वाक्यात दोन बारीक गोष्टी आहेत. एक, "समर्पण करत आहे", "करणार आहे" नाही. "करणार" लिहिलं की तो फक्त करार झाला, हक्क अजून पट्टेदाराकडेच. दुसरं, मालक "स्वीकारत आहे" हे हवंच, कारण एकट्या भाडेकरूने सोडलं म्हणून समर्पण होत नाही, दोघांचं जुळावं लागतं. आणि "रद्द" हा शब्द मी टाळतो. रद्द म्हटलं की मुळापासूनच करार नव्हता असा अर्थ कोणी काढू शकतो, मग आधी दिलेल्या भाड्याचं काय, त्या काळात केलेल्या दुरुस्तीचं काय, असले फाटे फुटतात. "अमुक तारखेपासून संपुष्टात" एवढं पुरतं. मूळ भाडेपट्ट्याचा दस्त क्रमांक, तारीख, कोणत्या कार्यालयात नोंदला ते आणि मिळकतीच्या चतुःसीमा जशाच्या तशा उतरवा, नाहीतर सर्च घेणाऱ्याला जुना दस्त आणि हा दस्त जोडता येत नाहीत.

"येणं-देणं नाही" या तीन शब्दांनी जास्त नुकसान होतं

आता मजकुराकडे येतो, खरं भांडण इथेच होतं. बँकेचं ऐकून आप्पांनी व्यापाऱ्याला फोन केला की सही करायला ये. व्यापारी म्हणाला माझे डिपॉझिटचे दीड लाख बाकी आहेत ते आधी द्या. आप्पा म्हणाले तूच लिहून दिलंय की येणं-देणं नाही. व्यापारी म्हणाला मग तुम्हीही लॉक-इनचं भाडं मागू नका, वजनकाटा मात्र माझा आहे तो मी उचलणार. प्रत्येकाला ते वाक्य आपल्या सोयीचं वाटत होतं. कारण त्यात आकडा नाही, तारीख नाही, कशाबद्दल ते नाही. खरं तर त्या दिवशी दोघांनाही माहीत होतं की डिपॉझिट बाकी आहे, तरी सही करताना लिहिलं की काही बाकी नाही, म्हणजे कागद लिहितानाच खोटा होता.

म्हणून दस्तात आधी हिशोब, मग सुटका. आम्ही दोघांना समोरासमोर बसवून हिशोब केला. डिपॉझिटपैकी आप्पांकडे दीड लाख होते. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचे वीस दिवस मिळून भाडं ८०,००० बाकी, पण त्यातला दहा टक्के टीडीएस म्हणजे ८,००० व्यापाऱ्याने सरकारला भरायचा, त्यामुळे डिपॉझिटमधून वळते ७२,०००. हा टीडीएस बहुतेक लोक विसरतात, भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं म्हणजे ते दिलंच गेलं ना, मग त्यावरही कपात होते. लाईट मीटर आप्पांच्या नावावर होतं, शेवटचं बिल १४,००० त्यांनी भरलेलं, ते वळतं. पोटभाडेकरूचं ३०,००० डिपॉझिट व्यापाऱ्याकडे होतं, ते आप्पांकडे वर्ग. राहिले ३४,०००. हे सगळं दस्तात परिशिष्ट म्हणून जोडलं आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

पैसे कसे द्यायचे यालाही महत्त्व आहे. पुढच्या तारखेचा चेक देऊन "सर्व रक्कम मिळाली" असं लिहून घेतात आणि चेक परत आला की भाडेकरू हात चोळत बसतो, कारण त्याने मिळाल्याचं लिहून दिलेलं असतं. आम्ही रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळीच आरटीजीएस करायला लावलं आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर दस्तात टाकला. जिथे चेकच द्यायचा आहे तिथे चेक नंबर लिहा आणि सुटकेच्या कलमात लिहा की चेक वटल्यावरच ही सुटका लागू होईल. समर्पण मात्र चेकवर अवलंबून ठेवू नका, नाहीतर चेक अडकला की पट्टा जिवंत की मेला हेच कळत नाही, आणि आपण निघालो होतो तिथेच परत.

लॉक-इन

हा मुद्दा नाव घेऊनच लिहावा लागतो. आप्पांच्या करारात लॉक-इन ३१ मार्च २०२६ पर्यंत होतं, म्हणजे जानेवारी २०२५ पासून मोजलं तर १५ महिन्यांचं साडेचार लाख. आप्पांना ते नकोच होतं, स्वतःलाच जागा हवी होती. पण उद्या आप्पा नसले आणि वारसांच्या हाती मूळ करार लागला तर ते मागू शकतात, कोर्टात टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, व्यापाऱ्याला तारखा तर कराव्याच लागतील. म्हणून लिहिलं की लॉक-इनचा उरलेला काळ आणि आधी नोटीस देण्याची अट यापोटी कोणतंही भाडं, दंड किंवा नुकसानभरपाई मालक मागणार नाही, मालक तो हक्क सोडत आहे. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे असं सोडता येतं, त्यासाठी बदल्यात काही घ्यायलाच पाहिजे असंही नाही.

वजनकाटा

हे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे कापूस, केळी, मका यांचे व्यापारी भाड्याच्या जागेत बरंच काही बसवतात, काटा, पिकवणीचे चेंबर, क्रेन, बोअरवेलची मोटर. कायदा काय म्हणतो, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे पट्टेदाराने जमिनीला जोडलेल्या वस्तू तो काढून नेऊ शकतो, पट्टा संपल्यानंतरही, पण ताबा त्याच्याकडे आहे तोपर्यंतच, नंतर नाही, आणि जागा जशी घेतली तशी करून द्यावी लागते. करारात वेगळं ठरलं असेल तर ते चालतं. व्यापाऱ्याने २० जानेवारीला किल्ल्या दिल्या, काटा तिथेच राहिला. ऑक्टोबरमध्ये "काटा माझा" म्हणायला उशीर झाला होता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो एकदम गप्प झाला, काटा नव्याने बसवायचा खर्च त्याला माहीत होता.

आप्पा माणूस सरळ, ते म्हणाले याचा पैसा बुडवायचा नाही मला. मग ठरलं की वरचं प्लॅटफॉर्म, लोडसेल आणि इंडिकेटर ९०,००० ला आप्पांनी घ्यायचं, व्यापाऱ्याने त्याचं वेगळं बिल द्यायचं, आणि खड्डा व काँक्रीट जसं आहे तसं मालकाचं, जागा पूर्ववत करायची मागणी आप्पा करणार नाहीत. दस्तात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. तुमच्याकडे वस्तू न्यायच्या असतील तर यादी करा, कोण काढणार, कोणत्या तारखेपर्यंत, खड्डा कोण बुजवणार ते लिहा, आणि शक्यतो ताबा द्यायच्या आधीच काढा. ताब्याच्या दिवशी मोबाईलवर शेडचा व्हिडिओ काढून ठेवला तर झिजेचं आणि मोडतोडीचं भांडणही तिथेच संपतं.

समोरचा दुकानदार

मालक आणि भाडेकरूचं जमलं म्हणून पोटभाडेकरू आपोआप निघत नाही. त्याच कायद्याचं कलम ११५ तेच सांगतं, आधीच दिलेला पोटपट्टा मूळ पट्ट्यासारख्याच अटींवर असेल तर समर्पणाने त्याला धक्का लागत नाही, त्याचं भाडं मात्र आता मालकाने घ्यायचं. इथे दुकानदार बिचारा जानेवारीपासून दोघांनाही भाडं देत नव्हता, कोणाला द्यावं हेच त्याला कळेना. आम्ही त्याला मान्यता देणार म्हणून दस्तात घेतलं. त्याने लिहून दिलं की २० जानेवारीपासून तो आप्पांचा भाडेकरू आहे, मागचं भाडं तो आप्पांना देईल, आणि त्याचं डिपॉझिट आता आप्पांकडे आहे. त्या दिवसानंतर त्याचं व्यापाऱ्याशी काही राहिलं नाही हेही लिहिलं. पोटभाडेकरू सहीला येत नसेल तर निदान पट्टेदाराकडून लिहून घ्या की याच्याशिवाय त्याने कोणालाही जागा, तारण किंवा वापराचा हक्क दिलेला नाही आणि कोणी निघालाच तर त्याची जबाबदारी पट्टेदाराची.

आता ते सुटकेचं कलम

एवढं सगळं झाल्यावर "येणं-देणं नाही" लिहायला हरकत नाही, पण असं: "परिशिष्टातील हिशोबाप्रमाणे रकमा मिळाल्यानंतर, दिनांक अमुक रोजीच्या दस्त क्रमांक अमुकच्या भाडेपट्ट्यातून, त्यात झालेल्या बदलांतून आणि मिळकतीच्या वापरातून निर्माण झालेले, आज माहीत असलेले किंवा नसलेले, भाडं, डिपॉझिट, व्याज, लॉक-इन, दुरुस्ती, मोडतोड व नुकसानभरपाईचे सर्व दावे दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध कायमचे सोडून देत आहेत. हे दोघांच्या वारसांवर व भागीदारांवर बंधनकारक राहील." दोन्ही पक्ष हे बघा, पुष्कळ दस्तांत फक्त भाडेकरू सोडतो आणि मालक गप्प, मग मालकाचे दावे उघडेच राहतात.

आणि त्याच्या खालीच, काय सोडलेलं नाही ते. आमच्या दस्तात तीनच गोष्टी होत्या: २० जानेवारीपर्यंतच्या वापराचं वीज किंवा ग्रामपंचायतीचं बिल नंतर निघालं तर व्यापाऱ्याने भरायचं, ८,००० टीडीएस त्याने भरून प्रमाणपत्र द्यायचं आणि उशिराचं व्याज त्याचंच, आणि तिसऱ्या कोणाचा दावा त्याच्या काळातला निघाला तर त्याने निस्तरायचा. अपवाद लिहिले नाहीत तर महावितरणचं जुन्या काळाचं सुधारित बिल आलं की मालकाकडे काहीच राहत नाही, कारण "माहीत नसलेले" दावेसुद्धा त्याने सोडलेत.

सह्यांचं थोडक्यात. मूळ पट्ट्यावर ज्यांच्या सह्या होत्या ते सगळे लागतात, कोणी वारला असेल तर त्याचे वारस, फर्म असेल तर सगळे भागीदार किंवा ज्याला लेखी अधिकार दिलाय तो. आप्पांचे धाकटे भाऊ सहमालक होते, पुण्याहून त्यांना बोलवावं लागलं, त्यात पंधरा दिवस गेले.

स्टॅम्पचं मात्र आधी विचारून घ्या. मोबदला न घेता समर्पण असेल तर मुद्रांक ठराविक आणि थोडा लागतो, पण पट्टा सोडण्याबद्दल पैसे दिले असतील तर खरेदीखताच्या दराने लागतो, फरक मोठा आहे. डिपॉझिट परत करणं हा मोबदला नव्हे, ते भाडेकरूचेच पैसे, पण दस्तात नुसतंच "मालकाने पट्टेदारास रक्कम दिली" असं लिहिलं तर निबंधक मोबदला समजणारच. म्हणून आम्ही स्पष्ट लिहिलं की समर्पणाबद्दल मोबदला नाही, ३४,००० ही डिपॉझिटची बाकी आणि ९०,००० हे मशीनच्या बिलाचे. खरोखर मोबदला दिला असेल तर लपवू नका, पागडीसारखे पैसे घेणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे चालतं, फक्त त्यावरचा मुद्रांक भरा. लपवलं की त्या पैशाचा पुरावाही जातो.

हे सगळं शेड, दुकान, गोडाऊन अशा जागांसाठी आहे. शेतजमिनीच्या कुळाने जमीन सोडणं वेगळं, तिथे कूळ कायद्याप्रमाणे तहसीलदारासमोर पडताळणी लागते, हा दस्त चालणार नाही. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तिथे मालक एमआयडीसी, त्यांच्या पद्धतीने जावं लागतं. आणि अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स हा पट्टाच नसतो, त्यात समर्पण करायला हक्कच दिलेला नसतो, तिथे हिशोब, ताबा पावती आणि वरचं सुटकेचं कलम एवढं पुरतं.

आप्पांचा दस्त नोव्हेंबरमध्ये रजिस्टर झाला. इंडेक्स दोन हातात आल्यावर बँकेच्या वकिलाने परत सर्च घेतला, यावेळी त्याने एकच विचारलं, समोरच्या दुकानदाराचं काय. दस्ताचं ते पान दाखवलं, त्याने झेरॉक्स काढून फाईलला लावली. वजनकाटा आता आप्पांचा मुलगा चालवतो, गेल्या हंगामात व्यापाऱ्याच्या गाड्याही तिथेच वजन करून गेल्या.